मुलाखती कधी थांबवायच्या? संपृक्तता ठरवणे आणि ती प्रबंधात मांडणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुलाखतींवर आधारित गुणात्मक अभ्यास करणाऱ्या एम.ए., एम.एस.डब्ल्यू. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी आहे. समजावण्यासाठी सगळीकडे एकच उदाहरण घेतले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून खनिज उत्खनन थांबले. त्यानंतर डिचोली आणि सांगे तालुक्यांतल्या खनिजवाहू ट्रकांवर पोट असलेल्या माणसांनी घर कसे चालवले, हा आपल्या उदाहरणातल्या अभ्यासाचा प्रश्न. बंदी खरोखर झाली होती. अभ्यास आणि त्यातले मुलाखतींचे आकडे मात्र हिशेब दाखवण्यासाठी रचलेले आहेत, ते कुठे उद्धृत करू नयेत.

संपृक्तता म्हणजे नेमके काय?

पाण्यात साखर घालत गेलो की एका क्षणी ती विरघळेनाशी होते आणि तळाशी बसते. शाळेत शिकलेले ते संपृक्त द्रावण. मुलाखतींचेही तसेच म्हणतात: पुढची मुलाखत घेतली तरी विश्लेषणात नवे काही शिरत नाही, म्हणजे सॅच्युरेशन आले.

ही उपमा अर्धी खरी आहे. तेच पाणी तापवले की आणखी साखर विरघळते हेही शाळेतच शिकवतात. मुलाखतीत प्रश्न बदलला, विचारणारा बदलला किंवा वेगळ्या घरात गेलात, तर ‘संपलेली’ माहिती पुन्हा येऊ लागते. म्हणून ‘संपृक्तता आली’ हे वाक्य एकटे कधीच पुरत नाही. कोणत्या प्रश्नावर, कोणत्या लोकांत आणि कोणत्या मापाने, हे तिन्ही सांगावे लागते. परीक्षकांचे निम्मे आक्षेप इथलेच असतात.

शिवाय शब्द एक असला तरी त्याचे अर्थ दोन-तीन आहेत. ग्लेझर आणि स्ट्राउस यांनी १९६७ मध्ये, माहितीतूनच सिद्धान्त उभा करणाऱ्या ग्राउंडेड थिअरीच्या संदर्भात ‘सैद्धांतिक संपृक्तता’ मांडली. तिथे तपासायचे असते ते सिद्धान्तातली प्रत्येक कोटी म्हणजे कॅटेगरी, तिचे गुणधर्म आणि परस्परसंबंध पुरेसे भरले का हे. आज बहुतेक प्रबंधांत अभिप्रेत असते ती साधी कोड-संपृक्तता: नवे कोड, म्हणजे मुलाखतीतल्या मुद्द्यांना आपण दिलेली नावे, यायचे थांबले. काम दुसऱ्या अर्थाचे करून संदर्भ पहिल्याचा देणे ही नेहमीची चूक आहे. या पानावर मुख्यतः कोड-संपृक्ततेबद्दल लिहिले आहे.

‘१२ मुलाखती पुरे’ हे कुठून आले?

ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये घाना आणि नायजेरियातल्या ६० स्त्रियांच्या मुलाखती मागाहून तपासल्या. विश्लेषणात एकूण १०९ कोड निघाले होते. त्यांतले ८० पहिल्या ६ मुलाखतींत आणि १०० पहिल्या १२ मुलाखतींत आलेले होते. म्हणजे ७३ टक्के आणि ९२ टक्के. तेव्हापासून १२ हा आकडा जणू नियम झाला.

तो नियम नाही. त्या स्त्रिया बऱ्याच बाबतीत एकसारख्या होत्या, सर्वांना साधारण तेच प्रश्न विचारले होते आणि विषय आखीव होता. तुमचा गट असाच एकजिनसी असेल तर १२ च्या आसपास थांबणे शक्य आहे. हेनिंक आणि कैसर यांनी २०२२ मध्ये अशा अनुभवाधारित अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात एकजिनसी गटासाठी ९ ते १७ मुलाखती असा पल्ला निघाला. पण ट्रकमालक, ड्रायव्हर, गॅरेजवाला आणि त्यांच्या घरच्या बायका असा चौरंगी गट असेल, तर तो आकडा प्रत्येक गटाला लागू होतो, सगळ्यांना मिळून नाही.

मग थांबण्याचा हिशेब कसा मांडायचा?

गेस्ट, नेमी आणि चेन यांची २०२० ची पद्धत सगळ्यांत सुटसुटीत आहे. तिला तीन गोष्टी लागतात, आणि तिन्ही पहिल्या मुलाखतीआधी लिहून ठेवायच्या.

पहिली म्हणजे पाया: सुरुवातीच्या किती मुलाखतींतले कोड मूळ साठा म्हणून धरायचे. ४, ५ किंवा ६ धरतात. दुसरी म्हणजे टप्पा: त्यानंतर सलग किती मुलाखती एकत्र तपासायच्या. २ किंवा ३. तिसरी म्हणजे उंबरठा: त्या टप्प्यात आलेले नवे कोड पायातल्या कोडांच्या किती टक्क्यांपर्यंत चालतील. ५ टक्के किंवा ० टक्के.

टप्प्यातल्या नव्या कोडांची बेरीज भागिले पायातल्या कोडांची संख्या, एवढाच भागाकार. उत्तर उंबरठ्यापेक्षा जास्त असेल तर टप्पा एका मुलाखतीने पुढे सरकवायचा आणि पुन्हा भागायचे. भाजक मात्र तोच राहतो, पायाचाच. नवे कोड त्यात मिळवत गेलात तर टक्केवारी आपोआप उतरते आणि संपृक्तता लवकर आल्यासारखी दिसते.

हे सगळे स्प्रेडशीटमध्ये होते, वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. `codes` नावाच्या शीटवर प्रत्येक ओळीत एक कोड आणि B पासून T पर्यंतच्या स्तंभांत १ ते १९ मुलाखती ठेवा. कोड ज्या मुलाखतीत आहे तिथे 1 लिहा. U स्तंभात तो कोड पहिल्यांदा कितव्या मुलाखतीत आला ते निघेल. दुसऱ्या शीटवर A मध्ये मुलाखतीचा क्रमांक, B मध्ये नवे कोड आणि C मध्ये टक्केवारी:

```
codes!U2:  =MATCH(1,B2:T2,0)
B2:        =COUNTIF(codes!U:U,A2)
C10:       =SUM(B8:B10)/SUM(B$2:B$7)
```

C10 ही नवव्या मुलाखतीची ओळ आहे. इथे पाया ६ चा आणि टप्पा ३ चा धरला आहे, म्हणजे ७, ८ आणि ९ या मुलाखती तपासल्या जातात. हे सूत्र खाली ओढत जायचे.

एखादे उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

आपल्या अभ्यासात आधी ठरवले आहे: पाया ६, टप्पा ३, उंबरठा ५ टक्के. पहिल्या १३ मुलाखती डिचोलीतल्या ट्रकमालकांच्या. प्रत्येकीत किती नवे कोड आले ते पाहा.

| मुलाखत | नवे कोड | टप्पा | टक्केवारी |
|---|---|---|---|
| १ | १४ | | |
| २ | ९ | | |
| ३ | ६ | | |
| ४ | ५ | | |
| ५ | ३ | | |
| ६ | ३ | पाया = ४० | |
| ७ | २ | | |
| ८ | १ | | |
| ९ | १ | ७ ते ९ : ४ | १०.० |
| १० | १ | ८ ते १० : ३ | ७.५ |
| ११ | ० | ९ ते ११ : २ | ५.० |
| १२ | ० | १० ते १२ : १ | २.५ |
| १३ | ० | ११ ते १३ : ० | ० |

५ टक्क्यांचा उंबरठा ११ व्या मुलाखतीला गाठला. ० टक्क्यांचा ठरवला असता तर १३ व्याला. टप्पा ३ ऐवजी २ चा घेतला असता तर ८ आणि ९ मिळून २ कोड, म्हणजे ५ टक्के, आणि नवव्याच मुलाखतीला थांबता आले असते. माहिती तीच, पण नियमाप्रमाणे उत्तर ९, ११ किंवा १३. म्हणून तर नियम आधी ठरवायचा. मागाहून ठरवला की सोयीचाच निवडला जातो, आणि ते परीक्षकालाही ठाऊक असते.

आकड्यांइतकेच महत्त्वाचे आहे ते उशिरा आलेले कोड कोणते हे पाहणे. समजा दहाव्या मुलाखतीतला एकमेव नवा कोड ‘ट्रक विकायला नकार’ असा आहे: गिऱ्हाईक आले, भावही बरा होता, पण ट्रक दारातून हलवला नाही, दसऱ्याला अजून पूजा होते. हा कोड अभ्यासाच्या प्रश्नाच्या काळजाशी जाऊन भिडतो. टक्केवारीत तो ४० मधला एक. अशा वेळी उंबरठा गाठला तरी त्या धाग्याने आणखी दोन-तीन मुलाखती घ्याव्यात, असे आमचे मत. उलट उशिरा आलेला कोड ‘टायरचा भाव’ असा किरकोळ असेल तर त्यासाठी कोणी सांग्यापर्यंत कदंब बस पकडून जायला नको.

१३ व्या मुलाखतीला शून्य आले. आता थांबायचे ना?

ट्रकमालकांपुरते थांबायचे. वरचे तेराही जण एकाच संघटनेच्या ओळखीतून, एकाने दुसऱ्याचे नाव सुचवत मिळाले असतील, तर तो एकाच वर्तुळाचा आवाज आहे. बँकेचा हप्ता, सरकारी मदत, आंदोलन हेच विषय सगळ्यांच्या तोंडी असणार, कारण त्यांनी ते आपापसात शंभरदा बोलून झालेले असतात.

आता १४ ते १९ या सहा मुलाखती सांगे भागातल्या ड्रायव्हरांच्या घेतल्या. अभ्यासाला नवे असलेले कोड असे आले: ५, ३, १, १, ०, ०. चौदाव्या, पंधराव्या आणि सोळाव्या मुलाखतीत मिळून ९, म्हणजे पायाच्या ४० वर २२.५ टक्के. शून्यावर आलेला आलेख एकदम वर गेला. ट्रकमालकाला ट्रक विकता येतो, ड्रायव्हरकडे विकायला काही नाही. काजूच्या हंगामात बागेत मजुरी, मुरगाव बंदराकडे बदली ड्रायव्हर, सासुरवाडीकडून उसनवारी, हे सगळे मालकांच्या बोलण्यात नव्हतेच.

बरोबर रीत अशी की ड्रायव्हरांचा हिशेब स्वतंत्र मांडायचा. त्यांच्या पहिल्या चार मुलाखतींत (१४ ते १७) एकूण ३१ वेगळे कोड आले. त्यांतले १० अभ्यासाला नवे, बाकीचे २१ मालकांकडेही होते. पुढच्या दोन मुलाखतींत ड्रायव्हरांच्या यादीला १ कोड नवा, जो मालकांकडे आधीच सापडला होता. १ भागिले ३१, म्हणजे ३.२ टक्के. छोट्या गटासाठी पाया ४ आणि टप्पा २ असे आधी लिहून ठेवले असेल, तर ड्रायव्हरांतही उंबरठा गाठला. एकत्र हिशेबात हा एक कोड दिसलाच नसता, हे लक्षात घ्या. प्रबंधात दोन्ही आकडे द्यावेत: मालक १३, ड्रायव्हर ६, संपृक्तता गटवार तपासली.

आणि ज्या गटात पोचलाच नाहीत, समजा घरच्या बायका, तो गट संपृक्ततेच्या वाक्यात शिरता कामा नये. ‘खाणबंदीग्रस्त कुटुंबांचे अनुभव संपृक्त झाले’ असे लिहिले की पुराव्याबाहेर गेलात.

मुलाखतींचा क्रम बदलला तर उत्तर बदलते का?

बदलते. वरच्या उदाहरणात एखादा ड्रायव्हर दुसऱ्या क्रमांकावर असता तर पाया मोठा झाला असता आणि उंबरठाही दुसरीकडे लागला असता. तपासायचे असेल तर `codes` शीटची प्रत काढून बाजूला ठेवा, मूळ शीटवर मुलाखतींच्या स्तंभांचा क्रम चिठ्ठ्या टाकून बदला, U मधले सूत्र पुन्हा घाला आणि निकाल पाहा. एकाच गटात असे दहा वेळा करून उंबरठा दरवेळी १० ते १२ च्या दरम्यान येत असेल तर निष्कर्ष टिकाऊ आहे. एकदा ९ आणि एकदा १३ येत असेल तर गटात न ओळखलेला उपगट दडलेला आहे. तो कोणता, ते शोधा.

कोड किती बारीक असावेत?

इथेच बहुतेकांचा हिशेब फसतो. ‘आर्थिक अडचण’ असा एकच जाड कोड ठेवला तर तो पहिल्याच मुलाखतीत येतो, प्रत्येक मुलाखतीत येतो, आणि पाच मुलाखतींत संपृक्तता मिळते. तोच ‘बँकेचा हप्ता थकणे’, ‘सोने गहाण’, ‘पतसंस्थेचे कर्ज फिरवणे’, ‘मुलाचे कॉलेज सुटणे’ असा फोडला की बारा मुलाखती लागतात. दोन्ही आलेख खरे, पण पहिला काही सांगत नाही. सोपी कसोटी अशी: कोडाचे नाव वाचून, मुलाखत न वाचलेल्या माणसाला तिथे काय घडले हे ढोबळ कळले पाहिजे.

दुसरी अडचण कोड फोडण्या-जोडण्याची. बाराव्या मुलाखतीनंतर तुम्ही ‘कर्ज’ हा कोड ‘बँकेचे कर्ज’ आणि ‘नातेवाइकांकडून उसनवारी’ असा फोडला. आता दुसरा कोड बाराव्यात जन्मला असे लिहायचे नाही. आधीच्या अकराही ट्रान्सक्रिप्ट पुन्हा वाचून तो प्रथम कुठे आला होता ते शोधायचे. कंटाळवाणे काम आहे, पण ते टाळले तर शेवटच्या मुलाखतींत खोटे ‘नवे’ कोड दिसतात. जोडताना उलटे होते: जुन्यातला जुना क्रमांक धरायचा. प्रत्येक बदल तारखेसह एका वहीत किंवा फाइलमध्ये टिपून ठेवा. व्हायव्हात हीच नोंद पुढे करायची असते.

मुलाखती कोकणीत आणि ट्रान्सक्रिप्ट मराठीत असतील तर?

गोव्यात हे सर्रास घडते आणि त्यातून खोटी संपृक्तता तयार होते. एक माणूस म्हणतो, ‘ट्रक दारांत उबो आसा, लज दिसता.’ दुसरा म्हणतो, ‘वायट दिसता.’ घाईत लिहिणारा दोन्हींचे मराठी ‘वाईट वाटते’ असे करतो. कोड एकच पडतो: दुःख. पण पहिला माणूस शरमेबद्दल बोलत होता, वाड्यावरच्या लोकांच्या नजरेबद्दल. भाषांतराने दोन कोडांचा एक झाला आणि आलेख लवकर सपाट झाला.

उपाय दोन. एक, कोडिंग मूळ कोकणी ट्रान्सक्रिप्टवरच करा, मराठी भाषांतर फक्त प्रबंधात उद्धृत करायच्या वाक्यांपुरते. दोन, ते जमत नसेल तर भावना, नाती आणि पैशांच्या व्यवहाराचे शब्द मराठी ट्रान्सक्रिप्टमध्येही कोकणीतच ठेवा. शिवाय तीन-चार मुलाखतींचे एकेक पान दोघांनी वेगवेगळे भाषांतरित करून ताडून पाहा. कुठे शब्द चपटे होताहेत ते लगेच दिसते.

माहिती संपली की विचारणाराच थकला, हे कसे ओळखावे?

मुलाखतींची लांबी पाहा. पहिल्या चार मुलाखती सत्तर-सत्तर मिनिटांच्या आणि शेवटच्या चार पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या असतील, तर नवे कोड न येण्याचे कारण उघड आहे. आठव्या-नवव्या मुलाखतीनंतर ‘हे तर माहीतच आहे’ असे वाटू लागते आणि पुढचा प्रश्न निघतो. उत्तरदाता ‘मग काय, हप्ते थकले’ म्हणतो, आपण मान डोलावतो, आणि कोणाचे, किती महिने, घरी कोणाला सांगितले, हे विचारायचे राहते.

ट्रान्सक्रिप्टमध्ये आणखी एक खूण सापडते. उत्तरे तुमच्याच शब्दांत येऊ लागतात. ‘मग तुम्हाला ताण आला असेल ना?’ ‘हो, ताण आला.’ असा ‘ताण’ सहा मुलाखतींत असेल तर ती संपृक्तता नव्हे, प्रतिध्वनी आहे. असे कोड हिशेबातून वगळा किंवा निदान वेगळ्या खुणेने दाखवा.

ऋतूचाही परिणाम होतो. मार्च ते मेमध्ये भेटलेला माणूस काजूबद्दल बोलेल, चवथीच्या सुमारास भेटलेला घरी आलेल्या मुलाबद्दल. सगळ्या मुलाखती एकाच महिन्यात उरकल्या असतील तर तसे लिहा.

कोड येणे थांबले, पण प्रत्येक कोड नीट समजला का?

हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर द्यायला जास्त मुलाखती लागतात. हेनिंक, कैसर आणि मार्कोनी यांनी २०१७ मध्ये २५ मुलाखतींवर हे तपासले. कोड-संपृक्तता ९ मुलाखतींत आली, अर्थ-संपृक्तता यायला १६ ते २४ लागल्या. ‘सोने गहाण’ हा ठोस कोड दोन-तीन मुलाखतींत कळतो. ‘लज’ मात्र मालकासाठी, ड्रायव्हरसाठी आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या बापासाठी वेगवेगळी असते.

तपासायची रीत सोपी आहे. प्रबंधाचा डोलारा ज्या पाच-सहा कोडांवर उभा आहे तेवढेच घ्या. प्रत्येकासाठी मुलाखतवार एक ओळ लिहा: या मुलाखतीने या कोडाबद्दल नवे काय सांगितले. सलग तीन ओळी ‘तेच’ अशा आल्या की त्या कोडापुरते थांबा. सगळ्या ४०-५० कोडांसाठी हे करायला बसू नका, वर्ष जाईल.

सिनॉप्सिसमध्ये आणि एथिक्स कमिटीला आकडा आधीच द्यावा लागतो. काय लिहू?

पल्ला आणि नियम लिहा: ‘ट्रकमालक १० ते १५ आणि ड्रायव्हर ६ ते १० मुलाखती अपेक्षित, मालकांसाठी पाया ६, टप्पा ३, ड्रायव्हरांसाठी पाया ४, टप्पा २, उंबरठा ५ टक्के, कमाल २५.’ कमाल आकड्यावर परवानगी मागा. कमी घेतल्या तर कोणी विचारत नाही, जास्त घ्यायच्या झाल्या तर पुन्हा अर्ज करावा लागतो.

यापेक्षा सोपा नियम हवा असेल तर फ्रान्सिस आणि सहकाऱ्यांचा २०१० चा १० + ३ आहे: आधी १० मुलाखती, मग सलग ३ मुलाखतींत नवी कल्पना आली नाही तर थांबा. तो मुळात आधीच ठरलेल्या सिद्धान्ताच्या चौकटीतल्या अभ्यासांसाठी सुचवला होता, हे मात्र लिहा.

सगळ्या मुलाखती आधी घेऊन झाल्या, कोडिंग आता करतोय. संपृक्तता दाखवता येईल?

दाखवता येईल, पण ‘संपृक्तता आली म्हणून थांबलो’ असे लिहिता येणार नाही. ‘१९ मुलाखतींनंतर मागाहून तपासले असता मालकांच्या गटात नवे कोड ११ व्या मुलाखतीपासून थांबलेले आढळले’ हे खरे आणि पुरेसे वाक्य आहे. पुढच्या वेळी तीन-तीन मुलाखतींचे घाणे काढा: तीन घ्या, लिहून काढा, कोड करा, मग पुढच्या तीन. तासाभराची मुलाखत लिहायला चार ते सहा तास लागतात, कोकणीतून मराठीत करायची तर आणखी. तेवढी जागा वेळापत्रकात ठेवा.

वेळ संपला आणि उंबरठा गाठलाच नाही. आता?

तसेच लिहा. ‘ड्रायव्हरांच्या गटात शेवटच्या दोन मुलाखतींतही ३१ वर ४ नवे कोड (१२.९ टक्के) आले, म्हणून या गटाचे निष्कर्ष प्राथमिक मानावेत. नवे कोड मुख्यतः स्थलांतराशी संबंधित होते.’ शेवटचे वाक्य विसरू नका. काय अपुरे राहिले हे नावानिशी सांगितले की परीक्षकाला तुमची पकड दिसते. नुसते ‘वेळेच्या मर्यादेमुळे’ लिहिले की फक्त वेळेची मर्यादा दिसते.

प्रबंधात समर्थनाचा परिच्छेद कसा असावा?

साधारण असा:

‘मालक आणि ड्रायव्हर या गटांची कोड-संपृक्तता स्वतंत्रपणे तपासली. मालकांसाठी पाया ६ मुलाखती (४० कोड), टप्पा ३ आणि उंबरठा ५ टक्के असा नियम माहिती-संकलनापूर्वी ठरवला होता. उंबरठा ११ व्या मुलाखतीला गाठला गेला. खात्रीसाठी आणखी २ मुलाखती घेतल्या, त्यांत नवा कोड आला नाही. ड्रायव्हरांसाठी पाया ४ (३१ कोड) आणि टप्पा २ होता, शेवटच्या टप्प्यात १ नवा कोड (३.२ टक्के) आला. कोडिंग मूळ कोकणी ट्रान्सक्रिप्टवर केले. फोडलेल्या कोडांसाठी आधीच्या सर्व ट्रान्सक्रिप्ट पुन्हा तपासल्या. मालकांची निवड मुख्यतः एका संघटनेच्या ओळखींतून झाल्याने संघटनेबाहेरच्या मालकांबाबत हा दावा नाही. कुटुंबातील स्त्रियांच्या मुलाखती घेतलेल्या नाहीत.’

सोबत वरच्यासारखा तक्ता परिशिष्टात जोडा. आरोग्यविषयक नियतकालिकाला लेख पाठवणार असाल तर COREQ या ३२ मुद्द्यांच्या यादीतला २२ वा मुद्दा संपृक्ततेबद्दलच विचारतो, तिथे या परिच्छेदाचे पान दाखवता येते.

मी रिफ्लेक्सिव्ह थीमॅटिक अॅनालिसिस करते. सर मात्र ‘सॅच्युरेशन लिहा’ म्हणतात.

या पद्धतीच्या जनक ब्राउन आणि क्लार्क यांनीच म्हटले आहे की संपृक्ततेची कल्पना तिच्याशी जुळत नाही. तिथे थीम माहितीत आधीच पडून नसतात, संशोधक त्या घडवतो. मग ‘नवे मिळणे संपले’ याला अर्थ उरत नाही. त्याऐवजी माल्टेरुड आणि सहकाऱ्यांचे २०१६ चे ‘माहितीचे सामर्थ्य’ वापरता येते. त्यात पाच गोष्टी पाहतात: उद्देश किती अरुंद, उत्तरदाते किती नेमके, सिद्धान्ताचा आधार किती, संवाद किती कसदार आणि विश्लेषण एकेका व्यक्तीचे खोलात की अनेकांचे आडवे. सामर्थ्य जास्त तितक्या मुलाखती कमी. सरांना हा मुद्दा सिनॉप्सिसच्या वेळीच दाखवा, प्रबंध बांधायला टाकल्यावर नव्हे.

NVivo किंवा तत्सम सॉफ्टवेअर संपृक्तता काढून देते का?

नाही. कोणता कोड कोणत्या मुलाखतीत आहे याचा तक्ता त्यातून बाहेर काढता येतो. भागाकार आणि निर्णय तुमचाच.

उंबरठा गाठल्यावरही एखाद्याने बोलायची तयारी दाखवली आहे. त्याला नाही म्हणू?

तो आतापर्यंतच्या लोकांपेक्षा वेगळा असेल, उदाहरणार्थ बंदीच्या आधीच ट्रक विकून मोकळा झालेला मालक, तर जरूर भेटा. विरुद्ध उदाहरण मुद्दाम शोधून ते कोडांत बसते का हे पाहणे ही तक्त्यापेक्षा कडक परीक्षा आहे. तो बाकीच्यांसारखाच असेल तर आभार मानून थांबा. ज्या माहितीचा उपयोग होणार नाही तिच्यासाठी कोणाचा दीड तास घेऊ नये.